प्रोटॉन-न्यूट्रॉन-इलेक्ट्रॉनचा तक्ता: वर्कशीटच्या फोटोंसोबत सारखे सारखे येणारे प्रश्न

आठवी-नववीची मुलं, आणि बऱ्याचदा त्यांच्या आया, रात्री साडेनऊनंतर वर्कशीटचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात "ताई हा तक्ता उद्या द्यायचाय". तक्ता जवळपास नेहमी तोच असतो: मूलद्रव्य, संज्ञा, अणुअंक, अणुवस्तुमानांक, प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, काही ठिकाणी शेवटी प्रभार. काही चौकटी भरलेल्या, बाकीच्या आपण भरायच्या. प्रश्नही तेच तेच येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. सोप्यापासून सुरू केलंय, शेवटचे दोन-तीन जरा डोकं खाणारे आहेत.

1. ताई, एका ओळीत सात रकाने आहेत आणि दोनच भरलेत, सुरुवात कुठून करू?

सात रकाने दिसतात पण त्यात वेगळी माहिती फक्त तीन गोष्टींची असते, हे एकदा कळलं की तक्ता भीतीदायक वाटत नाही. पहिली गोष्ट, प्रोटॉन किती. दुसरी, न्यूट्रॉन किती. तिसरी, अणूवर प्रभार आहे का. बाकी सगळं यातूनच निघतं. मूलद्रव्याचं नाव, संज्ञा, अणुअंक आणि प्रोटॉनची संख्या हे चारही रकाने एकच गोष्ट चार वेगळ्या शब्दांत सांगतात, कारण प्रोटॉन 11 असतील तर तो सोडिअमच, दुसरा कोणी असूच शकत नाही. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. आणि इलेक्ट्रॉन प्रोटॉनइतकेच, फक्त प्रभार असेल तेव्हा कमी-जास्त.

म्हणजे ओळीत काय दिलंय ते बघून आधी प्रोटॉन पक्के करायचे, मग अणुवस्तुमानांकातून ते वजा करून न्यूट्रॉन काढायचे, आणि इलेक्ट्रॉन सगळ्यात शेवटी. उदाहरणार्थ "Na, न्यूट्रॉन 12" एवढंच दिलंय. Na म्हणजे प्रोटॉन 11, अणुअंक 11, अणुवस्तुमानांक 11 + 12 = 23, प्रभार लिहिलेला नाही म्हणून इलेक्ट्रॉन 11. झाली ओळ.

2. संज्ञेच्या डावीकडे दोन आकडे आहेत एक वर एक खाली, कुठला कोणता? पुस्तकातल्या आवर्तसारणीत तर उलटं दिसतंय

गोंधळ होणं साहजिक आहे. अणूची संज्ञा लिहिताना अणुवस्तुमानांक (A) वर आणि अणुअंक (Z) खाली लिहितात. पण बऱ्याच आवर्तसारण्यांच्या चौकटीत अणुअंक वरच्या बाजूला असतो आणि अणुवस्तुमान खाली. त्यामुळे मुलं "वरचा तो अणुअंक" असं पाठ करतात आणि तक्त्यात क्लोरीनचे प्रोटॉन 35 लिहून मोकळी होतात, मग न्यूट्रॉन काढताना 17 − 35 येतं आणि मला फोन येतो.

वर-खाली पाठ करूच नका. मोठा आकडा A, लहान आकडा Z. A मध्ये प्रोटॉन धरूनच न्यूट्रॉन मोजलेले असतात, त्यामुळे तो Z पेक्षा कधीच लहान असू शकत नाही. दोन्ही सारखे फक्त साध्या हायड्रोजनला (प्रश्न 9 बघा).

3. न्यूट्रॉन म्हणजे अणुवस्तुमानांकाचे अर्धे ना? भावाने तसंच सांगितलं

भावाने कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि कॅल्शिअम करून बघितलं असणार. C-12 मध्ये 6-6, O-16 मध्ये 8-8, Ca-40 मध्ये 20-20, म्हणून नियम खरा वाटतो. पण सोडिअम-23 चे अर्धे करून बघा, साडेअकरा न्यूट्रॉन येतात! केंद्रक मोठं होत जातं तसे प्रोटॉन एकमेकांना जास्त जोरात ढकलतात, आणि ते सगळं एकत्र धरून ठेवायला न्यूट्रॉनचं प्रमाण वाढत जातं. लोखंड-56 मध्ये प्रोटॉन 26 पण न्यूट्रॉन 30, आणि युरेनिअम-238 पर्यंत पोचलं की प्रोटॉन 92 आणि न्यूट्रॉन 146. अर्धे करू नका, वजाबाकी करा, तेवढाच वेळ लागतो.

4. अणुअंक, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन तिन्ही दिलेत तरी न्यूट्रॉन येतच नाहीयेत, माझं काय चुकतंय?

तुझं काही चुकत नाहीये. प्रश्न 1 मध्ये सांगितलं तसं, तीन चौकटी भरलेल्या दिसतात पण माहिती एकच आहे. अणुअंक 17, प्रोटॉन 17, इलेक्ट्रॉन 17, यातून "हा क्लोरीन आहे आणि प्रभार नाही" एवढंच कळतं. न्यूट्रॉन 18 आहेत की 20 हे त्यातून कुठूनच निघणार नाही, कितीही बेरजा-वजाबाक्या करा.

अशा वेळी आधी नावाचा रकाना नीट बघायचा, तिथे "क्लोरीन-37" असं लिहिलेलं असतं आणि फोटोत तो 37 कडेला कापला गेलेला असतो. मी पाहिलेल्या फोटोंत निम्म्या वेळा हेच होतं. तिथेही काही नसेल तर वर्कशीटची अपेक्षा आवर्तसारणीतून अंदाज करण्याची असते, ती भानगड प्रश्न 7 मध्ये.

5. प्रोटॉन 13 आणि इलेक्ट्रॉन 10 छापलंय, प्रिंटिंग मिस्टेक आहे का?

नाही, तो आयन आहे. अॅल्युमिनिअमने तीन इलेक्ट्रॉन दिले, म्हणून धन प्रभार तीनने जास्त, Al³⁺. हिशोब असा की प्रोटॉनमधून इलेक्ट्रॉन वजा केले की प्रभार येतो, 13 − 10 = +3. उलट क्लोरीनच्या ओळीत प्रोटॉन 17 आणि इलेक्ट्रॉन 18 असतील तर 17 − 18 = −1, म्हणजे Cl⁻.

इथली ठरलेली चूक म्हणजे अधिकचं चिन्ह बघून मुलं इलेक्ट्रॉन वाढवतात. Na⁺ ला 12 इलेक्ट्रॉन लिहिलेले मी इतक्या वेळा खोडलेत की विचारू नका. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण आहे, तो गेला की अणू धन होतो, म्हणून Na⁺ मध्ये 10. आणि दुसरी चूक म्हणजे इलेक्ट्रॉन कमी झाले म्हणून अणुवस्तुमानांकही कमी करणं. त्यात इलेक्ट्रॉन मोजतच नाहीत, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण 1836 व्या भागाइतकं असतं. Al-27 चे तीन इलेक्ट्रॉन गेले तरी ते 27 च.

6. Cl-35 मध्ये मायनस आहे म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त घ्यायचा का?

नाही. ती नुसती जोडरेघ आहे, "क्लोरीन पस्तीस" असं वाचायचं. प्रभार नेहमी संज्ञेच्या उजवीकडे वर, बारीक अक्षरात असतो. अडचण अशी की कोणीतरी वर्कशीट व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवतं तेव्हा वर-खालचे आकडे सपाट होतात आणि "35Cl17-" असलं काहीतरी दिसतं. मग शेवटची रेघ प्रभाराची की ओळ तिथे मोडली म्हणून आलेली? इलेक्ट्रॉनच्या रकान्यात 18 दिलेले असतील तर प्रभार, 17 असतील तर नुसती रेघ. इलेक्ट्रॉनही रिकामे असतील तर मात्र मूळ कागदाचा फोटो मागवा, अंदाज करू नका.

7. अणुवस्तुमानांक दिलाच नाही. आवर्तसारणीत क्लोरीनला 35.5 आहे, मग न्यूट्रॉन साडेअठरा लिहू का?

साडेअठरा न्यूट्रॉन कुठल्याच अणूत नसतात, कारण अणुवस्तुमानांक ही मोजणी आहे. वर्गात साडेअठरा मुलं नसतात ना, तसंच. आवर्तसारणीत छापलेला 35.5 (अचूक सांगायचं तर 35.45) हा अणुवस्तुमानांक नाहीच, ते सरासरी अणुवस्तुमान आहे.

निसर्गातल्या क्लोरीनमधले 100 अणू घेतले तर साधारण 76 अणू Cl-35 चे आणि 24 अणू Cl-37 चे असतात. 76 × 35 = 2660, 24 × 37 = 888, बेरीज 3548, भागिले 100 म्हणजे 35.48. पुस्तकातला 35.45 याच्याहून किंचित कमी आहे, कारण Cl-35 च्या एका अणूचं खरं वस्तुमान नेमकं 35 नसून 34.969 आहे आणि Cl-37 चं 36.966. ते आकडे घालून केलंत की 35.45 येतो, वहीत करून बघा. शाळेत 35.5 येतं ते प्रमाण 3:1 धरून, (35 × 3 + 37) ÷ 4.

म्हणजे 35.5 वस्तुमानाचा एकही अणू क्लोरीनच्या सिलिंडरमध्ये सापडणार नाही, सगळे 35 चे नाहीतर 37 चे. म्हणून तक्त्यात न्यूट्रॉन 18 लिहायचे आणि शेजारी "Cl-35 धरून" असं बारीक लिहायचं. एका वर्कशीटच्या उत्तरांत मी 35.5 चे 36 करून न्यूट्रॉन 19 छापलेलं पाहिलंय. Cl-36 नावाचा अणू आहे, पण तो किरणोत्सारी आहे आणि निसर्गात अगदी नावापुरता.

8. मग जवळचा पूर्णांक घ्यायचा की नाही? मॅडमनी तर तसंच शिकवलंय

बऱ्याच मूलद्रव्यांना चालतं. फ्लोरीन, सोडिअम, अॅल्युमिनिअम, फॉस्फरस यांचे निसर्गात एकाच प्रकारचे अणू मिळतात, अनुक्रमे 19, 23, 27, 31, त्यामुळे तिथे पूर्णांक घेतला की बरोबरच येतं. कार्बन 12.01, ऑक्सिजन 16.00, तिथेही एकच समस्थानिक इतकं जास्त आहे की सरासरी त्यालाच चिकटून राहते.

फसवणूक तांब्यापाशी होते. आवर्तसारणीत 63.55, पूर्णांक 64, अणुअंक 29, म्हणून न्यूट्रॉन 35. सगळं व्यवस्थित दिसतं, पण तुमच्या घरातल्या तांब्याच्या कळशीत Cu-64 चा एक अणूही नाही म्हटलं तरी चालेल. नैसर्गिक तांबं म्हणजे साधारण 69 टक्के Cu-63 आणि 31 टक्के Cu-65, आणि सरासरी दोघांच्या मधे येऊन पडते. Cu-64 माणसाने तयार करावा लागतो आणि त्यातला निम्मा पावणेतेरा तासांच्या आत संपतो. ब्रोमीनचंही तेच, आवर्तसारणीत 79.90 बघून 80 लिहावंसं वाटतं, पण निसर्गात आहेत ते 79 आणि 81, जवळपास निम्मे निम्मे. चांदी 107.87, म्हणजे 108? नाही, 107 आणि 109.

मॅडमनी पूर्णांक घ्या सांगितलं असेल तर परीक्षेत तसंच लिहा, मार्क त्यांच्या हातात आहेत. पण पर्याय असेल तर सगळ्यात जास्त प्रमाणात मिळणारं समस्थानिक घ्या आणि ते कुठलं ते लिहा: तांब्याला Cu-63, न्यूट्रॉन 34. दोन्ही पद्धतींनी उत्तर वेगळं येतं याचं कारण प्रश्नच अर्धवट आहे, "तांब्याचे न्यूट्रॉन किती" याला एकच उत्तर नसतं.

9. हायड्रोजनच्या न्यूट्रॉनच्या चौकटीत काय लिहू, काहीच येत नाहीये. आणि D म्हणजे कुठलं मूलद्रव्य?

0 लिहा. रिकामी सोडलीत तर तपासणाऱ्याला वाटतं सोडवलंच नाही. 1 − 1 = 0 हे उत्तर आहे.

D हे वेगळं मूलद्रव्य नाही, ते ड्युटेरिअम, म्हणजे एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन. T म्हणजे ट्रिटिअम, दोन न्यूट्रॉन. समस्थानिकांना स्वतःचं नाव आणि अक्षर मिळण्याचा लाड एवढ्या एकाच मूलद्रव्याचा झालाय. तिघांचेही प्रोटॉन 1, इलेक्ट्रॉन 1, अणुअंक 1, फक्त अणुवस्तुमानांक 1, 2, 3. आवर्तसारणीत D शोधत बसू नका, सापडणार नाही.

10. C-12 आणि C-14 च्या दोन ओळी आहेत आणि फक्त न्यूट्रॉन वेगळे येतायत, बरोबर आहे का?

बरोबर आहे, तेच तर समस्थानिक. न्यूट्रॉन 6 आणि 8, त्यामुळे अणुवस्तुमानांक 12 आणि 14, बाकी ओळ हुबेहूब सारखी. C-14 चे प्रोटॉन 7 आले असतील तर अर्ध्याचा नियम वापरलाय, प्रश्न 3 वाचा. सात प्रोटॉन केलेत की तो कार्बन राहत नाही, नायट्रोजन होतो. N-14 आणि C-14 यांचा अणुवस्तुमानांक सारखा पण मूलद्रव्यं वेगळी, यांना समभारिक म्हणतात. समस्थानिक ओळखायला प्रोटॉन बघायचे, समभारिक ओळखायला अणुवस्तुमानांक.

11. फोटोत आकडा नीट दिसत नाहीये, 3 आहे का 8? परत फोटो काढू का?

काढता आला तर काढाच, ट्यूबलाइटची सावली पडणार नाही असा, कागद सपाट ठेवून. पण पुष्कळदा गरज पडत नाही. प्रश्न 1 मधली गोष्ट इथे उलटी कामी येते: ओळीत तीच माहिती दोनदा दिलेली असेल तर एक दुसरीला तपासते. संज्ञा K दिसतेय आणि अणुअंक 1 नंतर काहीतरी पुसट, तर तो 19 च. वर्कशीट देवनागरी आकड्यांत असेल आणि झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर १९ आणि ११ मधला फरक पार जातो, आणि मग पोटॅशिअमचा सोडिअम होतो. संज्ञेकडे बघितलं की लगेच कळतं.

कुठे कळत नाही तेही सांगते. अणुवस्तुमानांक आणि न्यूट्रॉन यांपैकी एकच दिलेला असेल आणि तोच पुसट असेल तर दुसरीकडून पडताळा मिळत नाही. Cl-35 आणि Cl-37 मधला 5 की 7 हा त्यातला नेहमीचा, दोन्ही खरेखुरे अणू आहेत त्यामुळे "हा असू शकत नाही" म्हणून कुठलाच बाद करता येत नाही. तिथे फोटोच परत मागायचा.

12. शेवटच्या ओळीवर माझा अंगठा आलाय. अणुवस्तुमानांक 40, इलेक्ट्रॉन 18, न्यूट्रॉन 2 आणि पुढचा आकडा दिसत नाही. आर्गॉनच ना?

हा प्रश्न खरंच आला होता, आणि मी पण आधी "हो आर्गॉन" असं टाइप करून मग पुसलं. 18 इलेक्ट्रॉन बघितले की आर्गॉन डोळ्यासमोर येतो, पण 18 प्रोटॉन कुठे दिलेत? नाव, संज्ञा आणि प्रभार तिन्ही अंगठ्याखाली. म्हणजे प्रश्न 1 मधल्या तीन गोष्टींपैकी एकही पक्की नाही. मग न्यूट्रॉनचा दुसरा आकडा एकेक घालून बघायचा:

| न्यूट्रॉन | प्रोटॉन (40 मधून वजा) | इलेक्ट्रॉन | प्रभार | कोण |
|---|---|---|---|---|
| 22 | 18 | 18 | 0 | Ar |
| 21 | 19 | 18 | +1 | K⁺ |
| 20 | 20 | 18 | +2 | Ca²⁺ |
| 23 | 17 | 18 | −1 | Cl⁻ |

पहिले तीन निसर्गात सापडतात. चौथा हिशोबात बसतो, पण Cl-40 मिनिटांत नाहीसा होणारा अणू आहे, तो आठवीच्या वर्कशीटवर कोणी देणार नाही. K-40 हा पोटॅशिअमच्या दहा हजार अणूंत जेमतेम एखादा, पण समभारिक शिकवताना Ar-40, K-40, Ca-40 हे त्रिकूट बरेच जण वापरतात, त्यामुळे तोही सोडता येत नाही. मजा म्हणजे हे तिघे नातेवाईकच आहेत. K-40 किरणोत्सारी आहे, त्यातले दहातले नऊ Ca-40 होतात आणि उरलेला एखादा Ar-40, आणि हवेतला जवळपास सगळा आर्गॉन असाच दगडांमधल्या पोटॅशिअमपासून आलेला आहे.

पण त्याने तक्ता भरत नाही. "कागदाचा खालचा भाग परत पाठव, अंगठा बाजूला घेऊन" असं लिहिलं. दहा मिनिटांनी फोटो आला, त्यात न्यूट्रॉन 20 होते आणि प्रभाराच्या चौकटीत 2+. कॅल्शिअम निघाला.

13. आवर्तसारणीत आर्गॉन 39.95 आणि पोटॅशिअम 39.10 आहे. जड आधी आणि हलका नंतर कसा? छापताना अदलाबदल झाली का?

अदलाबदल नाही. क्रम अणुअंकाने लावलाय, आर्गॉन 18 आणि पोटॅशिअम 19, आणि वस्तुमान सरासरी आहे (प्रश्न 7). आर्गॉनचे जवळपास सगळे अणू Ar-40, म्हणजे 22 न्यूट्रॉनवाले. पोटॅशिअमचे सुमारे 93 टक्के K-39, म्हणजे 20 न्यूट्रॉनवाले. प्रोटॉन एकाने वाढला पण न्यूट्रॉन दोनने कमी झाले, म्हणून सरासरी घसरली. वस्तुमानाने क्रम लावायच्या काळात ही जोडी खरंच नडत होती. 1913 मध्ये मोझ्लीने क्ष-किरणांच्या वारंवारतेवरून दाखवलं की मूलद्रव्याची खरी ओळख केंद्रकातल्या प्रभाराने ठरते, आणि तेव्हापासून आर्गॉन पोटॅशिअमच्या आधी बसतो याला कारण मिळालं.